सगळ्यांत कमी खाणारा माणूस आणि ११९ चा आकडा

मागच्या वेळी आपण दांडेकर आणि रथ यांच्या १९७१ च्या दारिद्र्यावरच्या अभ्यासाशी थांबलो होतो. गोखले संस्थेतल्या या दोघांनी माणशी रोज २२५० कॅलरी धरून रेषा आखली. पुढे, अन्न आणि कृषी संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आलेल्या पां. वा. सुखात्म्यांनी या रेषेला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की निरोगी माणसांच्याही गरजा सारख्या नसतात. सरासरीवर रेषा मारली तर कमी खाऊन धडधाकट राहणारी कितीतरी माणसं उपाशांत मोजली जातात. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करा आणि त्याच्या खाली जो असेल त्यालाच उपाशी म्हणा.

आता हे ‘दोन’ आले कुठून? गरजा घंटेच्या आकाराच्या वक्रात, म्हणजे प्रसामान्य वितरणात, पसरल्या आहेत असं मानलं, तर या रेषेखाली साधारण अडीच टक्के निरोगी माणसं राहतात. पण वक्राचा आकार ठाऊकच नसेल तर? नेमकं शेपटाकडेच तो गृहीत आकारापासून ढळत असेल तर?

हा प्रश्न मुळात कारखान्यातला. अमेरिकेत शूहार्ट यांनी विचारलं होतं, की थोडे नग मोजून, पुढच्या बहुतेक नगांना सामावतील अशा मर्यादा कशा सांगायच्या? या मर्यादांना टॉलरन्स लिमिट म्हणतात. सॅम्युएल विल्क्स यांनी १९४१ साली त्याचं उत्तर दिलं, तेही वितरणाचा आकार न धरता. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेले.

विल्क्स यांची युक्ती आपण सुखात्म्यांच्या प्रश्नाला लावून पाहू. समजा, आपण निरोगी माणसं यादृच्छिक पद्धतीनं निवडली, प्रत्येकाचा नेहमीचा आहार मोजला, आणि त्यांतल्या सगळ्यांत कमी आकड्यालाच रेषा मानलं. खरी रेषा, जिच्याखाली अडीच टक्के निरोगी लोक आहेत, ती कुठंतरी आहे. आपल्याला माहीत नाही. एक माणूस तिच्या वर असण्याची शक्यता ०.९७५. सगळेच्या सगळे n जण वर असण्याची शक्यता (०.९७५)ⁿ. एक जरी खाली सापडला तरी आपला किमान आकडा खऱ्या रेषेच्या खाली जातो, म्हणजे किमान साडेसत्त्याण्णव टक्के निरोगी माणसं त्याच्या वर येतात. हे ९५ टक्के खात्रीनं हवं असेल तर (०.९७५)ⁿ पाच टक्क्यांहून कमी व्हायला हवं. ११८ माणसांना ते किंचित वर राहतं. ११९ ला खाली येतं. बस, ११९ माणसं! लोकसंख्या पुण्याची असो की देशाची, आकडा तोच. वक्र कुठला, हे विचारायचीच गरज नाही.

पण एकच माणूस रेषा ठरवतोय हे लक्षात घ्या. त्याच्या नोंदीत एक जेवण लिहायचं राहिलं, की रेषा घसरली. उपाय म्हणजे खालून दुसरा आकडा घ्यायचा. मग मात्र १८८ माणसं लागतात.

दुसरी अट स्वतंत्रतेची. एकाच माणसाच्या ११९ दिवसांच्या नोंदी म्हणजे ११९ माणसं नव्हेत. एकाच माणसाचा आजचा आहार कालच्या आहाराशी बांधलेला असतो, हे तर सुखात्मेच आग्रहानं सांगत. एका वाड्यातली, एकाच चुलीवर जेवणारी माणसंही स्वतंत्र नव्हेत. असा नमुना मोठा दिसतो, पण त्याची खात्री ९५ टक्क्यांची राहत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. ११९ जणांतल्या सर्वांत कमी आकड्याखाली सरासरीनं किती लोक असतात? एकशेविसात एक, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. अडीच टक्के ओलांडायचे नाहीत या खात्रीपायी आपली रेषा गरजेपेक्षा बरीच खाली जाते. कारखान्यात हे चालतं. मर्यादा थोडी सैल झाली तर जागा वाया जाते, इतकंच. इथं मात्र रेषा खाली गेली की खरोखर अर्धपोटी असलेला माणूस तिच्या वर येतो आणि यादीतून गळतो. निरोग्याला उपाशी म्हणण्याची चूक आपण खात्रीनं टाळली, पण उपाशाला निरोगी म्हणण्याच्या चुकीबद्दल विल्क्स यांचं गणित एक शब्द बोलत नाही.

म्हणजे वक्राचं गृहीतक आपण काढून टाकलं, तरी निवड काही टळली नाही. कुठली चूक आधी टाळायची, हे ११९ चा आकडा मांडण्यापूर्वीच ठरलेलं असतं. दांडेकर आणि सुखात्मे यांचं भांडण, आमच्या मते, गणितापेक्षा या ठिकाणचं होतं. पुढच्या वेळी आपण त्या वादाची उत्तरं-प्रत्युत्तरं पाहू.