पॅरिसची आग आणि दातांची नोंदवही

४ मे १८९७. पॅरिसच्या र्‍यू जाँ-गूजाँवर धर्मादाय बाजार भरला होता. लाकडी मांडव, वर रंगवलेलं कापड, आणि एका कोपऱ्यात नवलाईचा चलच्चित्रपट. त्या यंत्राच्या दिव्यातल्या ईथरने पेट घेतला आणि पाहता पाहता सगळा मांडव जळाला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बायका, तेही उमराव घरांतल्या.

प्रेतं ओळखायची कशी? कपड्याचा तुकडा, अंगठी, बूट यांवरून नातेवाइकांनी बहुतेकांची ओळख पटवली. तरी काही उरलीच. तेव्हा पॅराग्वेच्या वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने सुचवलं, की या बायकांच्या दंतवैद्यांनाच बोलवा. अलाँसाँची डचेस, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीची बहीण, तिचे दंतवैद्य डॉ. डेव्हनपोर्ट आले. आपण केलेलं सोन्याचं काम त्यांनी ओळखलं. (या प्रकरणावर गाजलेलं पुस्तक लिहिणारे आमोएदो हे मात्र स्वतः तपासणारे नव्हते. अनेकजण इथे गल्लत करतात.)

दात टिकले कसे, हाही प्रश्न आहेच. पुढचे दात आगीत लवकर तडकतात, पण मागच्या दाढांना गाल आणि जीभ बराच वेळ झाकून ठेवतात. शिवाय सोनं वितळायला १०६४ अंश लागतात.

आता जुळवणी कशी करतात ते बघू. समजा, नोंदवहीत डावीकडची खालची पहिली दाढ भरलेली आहे आणि प्रेतात ती दाढच नाही. हा फरक चालतो, कारण नोंदीनंतर दाढ काढली असू शकते. पण नोंदीत दाढ काढलेली, आणि प्रेतात ती शाबूत असेल तर? काढलेली दाढ पुन्हा उगवत नाही. म्हणजे एकतर नोंद चुकली, नाहीतर माणूस दुसरा. अशी एक विसंगती दहा साम्यांना भारी पडते. म्हणूनच नोंद चुकली का, हे आधी तपासावं लागतं, आणि डावं-उजवं उलट लिहिणं ही तर नेहमीची चूक.

१८९७ साली क्ष-किरण सापडून जेमतेम दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे सगळी भिस्त नोंदीवर आणि डॉक्टरांच्या आठवणीवर. पुढे क्ष-किरण चित्र आलं आणि तुलना शब्दांवरून आकारावर गेली. मुळाचा बाक, भरणाची वेडीवाकडी कड, मूळ-उपचाराचा सळईसारखा ठिपका, हे दोन चित्रांत शेजारी ठेवून पाहता येतं. मात्र प्रेताचं चित्र जुन्याच कोनातून घ्यावं लागतं. कोन बदलला की तोच दात परका दिसतो.

२००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये हीच पद्धत वापरली. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांची ओळख पटली त्यांपैकी बहुतेकांची दातांवरूनच पटली, आणि त्यांत परदेशी पाहुण्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या देशांतल्या दवाखान्यांतून कागद आणि फिल्म येत होत्या. किनाऱ्यावरचा थाई माणूस, ज्याचा दंतवैद्याशी कधी फारसा संबंधच आला नव्हता, त्याचे दात कितीही शाबूत असले तरी जुळवायचे कशाशी? त्यांच्यासाठी मग ओळखपत्रासाठी घेतलेल्या बोटांच्या ठशांचा आधार घ्यावा लागला.