पोर्ट ट्रिगरिंग आणि डीएमझेड (गेम कन्सोल)

पोर्ट ट्रिगरिंग आणि डीएमझेड या घरगुती राउटरमधील दोन सोयी आहेत. गेम कन्सोलसाठी केलेले पोर्ट फॉरवर्डिंग निष्फळ ठरल्यास पर्याय म्हणून त्यांचा अवलंब केला जातो. इंटरनेटवरून आलेला संदेश घरातील नेमक्या कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा, हा प्रश्न या तिन्ही पद्धती वेगवेगळ्या रीतीने सोडवतात. मात्र तिन्हींची पूर्वअट एकच आहे: बाहेरचा संदेश मुळात त्या राउटरपर्यंत पोहोचला पाहिजे. ती अट पूर्ण होत नसेल, तर एक पद्धत सोडून दुसरी घेतल्याने काहीही साध्य होत नाही. प्रस्तुत लेखातील उदाहरणे एक्सबॉक्स कन्सोलची आहेत. तत्त्व इतर कन्सोलांनाही लागू पडते.

## पार्श्वभूमी

घरातील सर्व उपकरणे सहसा एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून इंटरनेटशी जोडलेली असतात. घरापुरते मर्यादित असलेले अंतर्गत पत्ते आणि हा सार्वजनिक पत्ता यांची सांगड राउटर घालतो. या प्रक्रियेस नॅट असे म्हणतात. घरातून एखादा संदेश बाहेर गेला की राउटर त्याची नोंद ठेवतो आणि त्याचे उत्तर आल्यावर ते योग्य उपकरणाकडे पोहोचवतो. परंतु कोणीही न मागता बाहेरून संदेश आला, तर तो कोणासाठी आहे हे राउटरला कळत नाही आणि तो संदेश टाकून दिला जातो.

संकेतस्थळ वाचताना यामुळे अडचण येत नाही, कारण तेथे संवादाची सुरुवात नेहमी घरातूनच होते. अनेक बहुखेळाडू खेळांत मात्र एका खेळाडूचे कन्सोल दुसऱ्याच्या कन्सोलशी थेट संपर्क साधते. एक्सबॉक्स यासाठी मुख्यतः यूडीपी 3074 हे पोर्ट वापरते. हा संपर्क कितपत शक्य आहे ते कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत `Open`, `Moderate` किंवा `Strict` अशा शब्दांत दाखवले जाते. `Open` असलेले कन्सोल सर्वांशी जोडले जाऊ शकते. `Strict` असलेल्याला साधारणपणे फक्त `Open` कन्सोलशीच जोडता येते. मित्राचा आवाज ऐकू न येणे किंवा एकाच गटात असूनही खेळात प्रवेश न मिळणे, ही याची नेहमीची लक्षणे आहेत.

## पोर्ट फॉरवर्डिंग निष्फळ का ठरते

पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये "3074 वर आलेला संदेश अमुक पत्त्यावर द्यावा" असा कायमचा नियम राउटरमध्ये लिहिला जातो. उदाहरणार्थ, कन्सोलचा अंतर्गत पत्ता `192.168.1.20` असताना त्या पत्त्यासाठी नियम केला. पुढे वीज गेली आणि राउटर पुन्हा सुरू झाला. राउटर अंतर्गत पत्ते आपोआप वाटत असल्याने या वेळी कन्सोलला `192.168.1.23` मिळाला आणि `192.168.1.20` हा पत्ता घरातील लॅपटॉपकडे गेला. नियम जागच्या जागीच आहे, पण आता तो लॅपटॉपकडे बोट दाखवतो. परिणामी कन्सोलवर `Moderate` दिसू लागते.

यावरील खरा उपाय ट्रिगरिंग किंवा डीएमझेड नसून पत्ता राखून ठेवणे हा आहे. राउटरच्या डीएचसीपी विभागात कन्सोलचा मॅक पत्ता नोंदवला, की त्याला प्रत्येक वेळी तोच अंतर्गत पत्ता मिळतो. घरात दोन कन्सोल असतील, तर आणखी एक अडचण येते. एका पोर्टचा नियम एकाच पत्त्याला देता येतो. अशा वेळी दुसऱ्या एक्सबॉक्सच्या प्रगत नेटवर्क सेटिंगमधील `Alternate port selection` येथे वेगळे पोर्ट निवडून त्याचा स्वतंत्र नियम करता येतो.

## आधी करावयाची तपासणी

पर्यायांकडे वळण्यापूर्वी दोन पत्ते ताडून पाहावे लागतात. पहिला पत्ता राउटरच्या स्थितीदर्शक पानावर वॅन किंवा इंटरनेट या नावाखाली दिसतो. दुसरा म्हणजे आयपी पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता. दोन्ही सारखे असतील, तर बाहेरचा संदेश सहसा राउटरपर्यंत पोहोचतो आणि दोष राउटरच्या आत शोधावा लागतो.

दोन्ही वेगळे असतील, तर वाटेत आणखी एक नॅट आहे असे समजावे. राउटरवरील पत्ता `192.168` किंवा `10` ने सुरू होत असेल, तर बहुधा सेवादात्याने बसवलेले उपकरणही राउटरचे काम करत असते. तो `100.64` ते `100.127` या पट्ट्यातील असेल, तर सेवादाता कॅरिअर-ग्रेड नॅट वापरत आहे, म्हणजे अनेक ग्राहकांमध्ये एक सार्वजनिक पत्ता वाटून दिला आहे. हा पट्टा 2012 मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. या स्थितीत नकोसा संदेश सेवादात्याच्या यंत्रणेतच अडतो. घरातील राउटरवर कोणताही नियम केला तरी तो वापरलाच जात नाही. सेवादात्याकडून सार्वजनिक पत्ता मागून घेणे किंवा आयपीव्ही6 उपलब्ध करून घेणे, हेच तेथे उपयोगी पडते.

## पोर्ट ट्रिगरिंग

ट्रिगरिंगमध्ये अंतर्गत पत्ता लिहावा लागत नाही. त्याऐवजी दोन पोर्ट नोंदवले जातात: एक जावक, दुसरे आवक. घरातील एखाद्या उपकरणाने ठरलेल्या जावक पोर्टकडे संदेश पाठवला, की राउटर त्या उपकरणाचा पत्ता टिपून घेतो आणि त्याच्यासाठी आवक पोर्ट तात्पुरते उघडतो. ठरावीक मुदतीत पुन्हा तसा संदेश गेला नाही, तर पोर्ट बंद होते. त्यामुळे वरील उदाहरणात कन्सोलचा पत्ता 20 वरून 23 झाला, तरी बिघाड होत नाही. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याची सोयच नसेल, तेव्हा ही पद्धत विशेष उपयोगी ठरते.

येथे जावक पोर्टची निवड चुकण्याचा संभव असतो. बहुतेक राउटरांत जावक पोर्ट म्हणजे संदेश ज्या पोर्टकडे जातो ते, तो ज्या पोर्टवरून निघतो ते नव्हे. एक्सबॉक्स आपल्या थेट संपर्कासाठी टेरेडो ही पद्धत वापरते. तिच्यात कन्सोल प्रथम एका सर्व्हरच्या यूडीपी 3544 या पोर्टशी बोलते, तर इतर खेळाडूंचे संदेश ते 3074 वर स्वीकारते. म्हणून नोंद पुढीलप्रमाणे होते:

```
Trigger:  UDP 3544
Incoming: UDP 3074
```

नोंद केल्यावर कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. नुसते निद्रावस्थेतून जागे केल्यास जुनी जोडणी तशीच राहू शकते. त्यानंतर नेटवर्क चाचणीत `Open` दिसल्यास ट्रिगर लागू झाला असे मानता येते. सुरुवातीला सर्व ठीक असून काही वेळाने संपर्क तुटत असेल, तर मुदत अपुरी असण्याची शक्यता तपासावी व ती वाढवून पाहावी.

या पद्धतीच्या मर्यादा तिच्या रचनेतूनच येतात. घरातून आधी संदेश गेल्याशिवाय पोर्ट उघडत नाही. शिवाय एका वेळी ते एकाच उपकरणासाठी उघडते. दोन कन्सोल एकच ट्रिगर वापरू लागले, तर त्यांपैकी एकालाच संदेश मिळतात. दोन कन्सोलांच्या घरात ट्रिगरिंग हा उपाय नाही तो यामुळे.

## डीएमझेड

डीएमझेड ही संज्ञा मूळ इंग्रजीत निर्लष्करी पट्ट्यासाठी वापरली जाते. मोठ्या संस्थांत तिचा अर्थ अंतर्गत जाळ्यापासून वेगळा राखलेला विभाग असा होतो. घरगुती राउटरमध्ये मात्र असा वेगळा विभाग नसतो. ज्या आवक संदेशांना दुसरा कोणताही नियम लागू होत नाही, ते सर्व एका नेमलेल्या पत्त्यावर पाठवणे, एवढाच तेथे डीएमझेडचा अर्थ आहे. नेमलेले उपकरण घरातील इतर उपकरणांशी पूर्वीसारखेच जोडलेले राहते.

गेम कन्सोल बाहेरून येणाऱ्या फारच थोड्या संदेशांना प्रतिसाद देते, म्हणून त्याला डीएमझेडमध्ये ठेवणे संगणक ठेवण्याच्या तुलनेत कमी जोखमीचे असते. खरा धोका पत्ता बदलण्यात आहे. वरील उदाहरणात डीएमझेडसाठी `192.168.1.20` नेमला असता आणि वीज गेल्यानंतर तो लॅपटॉपला मिळाला असता, तर लॅपटॉपची सर्व पोर्ट राउटरच्या संरक्षणाविना उघडी पडली असती. मग त्याचा स्वतःचा फायरवॉल हा एकच अडसर उरला असता. मे 2017 मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम विंडोज संगणकांच्या 445 या पोर्टमार्गेच शिरत होता. तोही पोर्ट अशा वेळी बाहेरून दिसू शकतो. फॉरवर्डिंगचा चुकलेला नियम केवळ खेळात अडथळा आणतो, डीएमझेडचा चुकलेला पत्ता मात्र संगणक धोक्यात आणतो. म्हणून कन्सोलचा पत्ता राखून ठेवल्याशिवाय डीएमझेड सुरू करू नये.

### निदानासाठी उपयोग

डीएमझेडचा उपयोग कायमच्या सोयीपेक्षा निदानासाठी अधिक होतो. कन्सोलचा पत्ता राखून ठेवावा, 3074 चे जुने फॉरवर्डिंग व ट्रिगरिंगचे नियम काढून टाकावेत, डीएमझेड सुरू करावे आणि कन्सोल पुन्हा सुरू करून चाचणी घ्यावी. जुने नियम काढणे आवश्यक आहे, कारण सामान्यतः ते डीएमझेडच्या आधी लागू होतात आणि चुकीच्या पत्त्याचा नियम तसाच राहिल्यास चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरतो.

चाचणीत `Open` आल्यास राउटरपर्यंतचा मार्ग मोकळा असून फॉरवर्डिंगच्या नियमात पोर्ट, यूडीपी किंवा पत्ता यांपैकी काहीतरी चुकले होते, असा अर्थ होतो. तेव्हा डीएमझेड बंद करून नियम दुरुस्त करता येतो. डीएमझेड सुरू असूनही स्थिती बदलली नाही, तर दोष बहुधा या राउटरच्या बाहेर असतो. अशा वेळी डीएमझेड तसेच सुरू ठेवण्यात लाभ नसतो.

## दोन राउटर असल्यास

सेवादात्याचा राउटर आणि त्यामागे स्वतःचा राउटर अशी रचना असेल, तर एक्सबॉक्सवर `Double NAT detected` अशी सूचना येऊ शकते. सेवादात्याचे उपकरण ब्रिज स्थितीत ठेवणे हा येथे सर्वांत स्वच्छ उपाय होय. ते शक्य नसेल, तर बाहेरच्या राउटरच्या डीएमझेडमध्ये कन्सोलचा नव्हे, तर आतल्या राउटरचा वॅन पत्ता द्यावा आणि कन्सोलसाठी 3074 चे फॉरवर्डिंग आतल्या राउटरवर करावे. तो वॅन पत्ताही बाहेरच्या राउटरवर राखून ठेवावा लागतो. या रचनेत सर्व आवक संदेश आतल्या राउटरपर्यंत येतात आणि तो नियमात बसणारे तेवढेच आत सोडतो. त्यामुळे आतल्या राउटरमागील कोणतेही उपकरण उघडे पडत नाही. घरगुती जाळ्यात डीएमझेड कायम सुरू ठेवण्याजोगी ही एक सुरक्षित स्थिती मानली जाते. मात्र बाहेरच्या राउटरलाही कॅरिअर-ग्रेड नॅटचा पत्ता मिळालेला असेल, तर याही रचनेचा उपयोग होत नाही.