सोडवलेले उदाहरण: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले आणि दिवसभराचे काम उरकून घरी पुस्तिका उघडणारा विद्यार्थी मराठी पाठ्यलेखकांसमोर आला. वर्गात मुलाच्या कपाळावर आठी दिसली की शिक्षक थांबतो, मागची ओळ पुन्हा सांगतो, फळ्यावरच्या नेमक्या आकड्यावर बोट ठेवतो. पुस्तिकेला आठी दिसत नाही. तिच्यातले सोडवलेले उदाहरण हाच तिथला शिक्षक. ते कसे रचावे, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यामागे बोधभार सिद्धांत नावाची जी विचारसरणी आहे, तिची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना.

सिद्धांताचा पाया साधा आहे. नवी माहिती काही सेकंद धरून तिच्यावर काम करणारी आपली कार्यस्मृती फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास घटकांची मर्यादा सांगितली होती. पुढे नेल्सन कोवन यांनी ती चारच्या जवळ आणली. दीर्घकालीन स्मृतीला मात्र अशी मर्यादा दिसत नाही. जाणकाराची कार्यस्मृती मोठी नसते. त्याच्याकडे आधीपासून जुळलेल्या ज्ञानाचे गठ्ठे असतात आणि एक अख्खा गठ्ठा एकाच घटकाची जागा घेतो. नवशिक्याकडे ते गठ्ठे नसल्याने प्रत्येक तुकडा त्याला सुटा धरावा लागतो.

ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना नुसती उदाहरणे सोडवायला दिली, तर काहींना एक सोडवलेले उदाहरण आणि लगेच तसेच एक न सोडवलेले, अशा जोड्या दिल्या. जोड्यांवर शिकलेल्यांना कमी वेळ लागला, आणि त्याच प्रकारच्या नव्या गणितांत त्यांच्या चुकाही कमी झाल्या. वेगळ्या धाटणीच्या गणितांत मात्र हा फायदा दिसला नाही. या मर्यादेकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

नुसते सोडवल्याने शिकणे का अडते? नाशिकच्या द्राक्षबागेतले एक गणित घेऊ. २०० लिटर पाण्यात जिबरेलिक ॲसिडचे, म्हणजे जीएचे, २० पीपीएम द्रावण करायचे आहे. पावडरीत जीएचे प्रमाण ९० टक्के आहे. किती पावडर मोजावी? नवशिका शेवटापासून विचार करू लागतो: ग्रॅम हवेत, दिले आहेत पीपीएम आणि लिटर, मग भागायचे की गुणायचे? पीपीएमचा अर्थ, मिलिग्रॅमचे ग्रॅम, पाण्याचे माप आणि ९० टक्के हे सारे त्याला एकाच वेळी डोक्यात धरावे लागते, वर उत्तर अजून किती दूर आहे तेही पाहावे लागते. खटपट करून उत्तर येईलही, पण शोधातच सगळी कार्यस्मृती खर्ची पडल्याने रीत मनात बसत नाही.

आता सोडवलेले उदाहरण देऊ. ते पुष्कळदा असे छापलेले आढळते: पानाच्या माथ्यावर सूत्र, चिन्हांचे अर्थ तळटीपेत, शुद्धतेचा तक्ता मागच्या पानावर आणि खाली फक्त ‘उत्तर ४.४४ ग्रॅम’. वाचकाची सारी शक्ती पाने उलटण्यात आणि तुकडे जुळवण्यात जाते. तर्मिझी आणि स्वेलर यांना १९८८ मध्ये भूमितीत हेच दिसले. आकृती एकीकडे आणि स्पष्टीकरण दुसरीकडे असताना सोडवलेली उदाहरणे उपयोगी पडली नाहीत. दोन्ही एकत्र गुंफल्यावर पडली. उदाहरण सोडवलेले असून भागत नाही, त्याची मांडणीही सोडवलेली हवी. आपले उदाहरण मग असे होते:

१. १ पीपीएम म्हणजे १ लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम. म्हणून २० पीपीएमसाठी दर लिटरला २० मिलिग्रॅम.
२. पाणी २०० लिटर आहे: २० × २०० = ४००० मिलिग्रॅम.
३. १००० मिलिग्रॅमचा १ ग्रॅम: ४००० ÷ १००० = ४ ग्रॅम शुद्ध जीए.
४. पावडर पूर्ण शुद्ध नाही, म्हणून ती ४ ग्रॅमपेक्षा जास्त लागेल: ४ ÷ ०.९० = ४.४४ ग्रॅम.

प्रत्येक पायरीचे कारण त्याच ओळीत आहे. चौथ्या पायरीतले ‘जास्त लागेल’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. नवशिका इथे हमखास ०.९० ने गुणतो आणि ३.६ ग्रॅम लिहितो. आकडेमोड करण्याआधीच उत्तराची दिशा कळली तर ही चूक त्याची त्यालाच दिसते. जीए पाण्यात सहज विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावे लागते. बागेत ही माहिती अत्यावश्यक आहे, पण हिशेब शिकवणाऱ्या या चार ओळींत तिला घुसवू नये. तिच्यासाठी वेगळे उदाहरण द्यावे.

वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, हा सोडवलेल्या उदाहरणाचा मोठा धोका. म्हणून पाठोपाठ दुसरे गणित हवे: १५० लिटर, ४० पीपीएम, पावडर तीच. पहिल्या तीन पायऱ्या देऊन ६ ग्रॅमपर्यंत आणावे आणि चौथी कोरी सोडावी, उत्तर ६.६७ ग्रॅम. त्यापुढच्या गणितात शेवटच्या दोन पायऱ्या कोऱ्या, मग तीन. शेवटी प्रश्नच उलटवावा: हाताशी ९ ग्रॅम पावडर आहे, तर ३० पीपीएमचे किती लिटर द्रावण होईल? शुद्ध जीए ८.१ ग्रॅम, म्हणजे ८१०० मिलिग्रॅम, म्हणून २७० लिटर. ज्याने केवळ पायऱ्यांचा क्रम पाठ केला तो इथे अडतो. पायरीचे कारण ज्याला कळले तो वाट काढतो. वर सांगितलेली मर्यादा ओलांडण्यासाठी अशी बदललेली गणिते आणि ‘इथे भागाकार का केला?’ यासारखे प्रश्न लागतात. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिले की उदाहरणातली प्रत्येक पायरी स्वतःला समजावत वाचणारे पुढे सरस ठरले.

आधार काढून घेण्याची वेळही ओळखावी लागते. वर्षानुवर्षे जीएची मात्रा काढणाऱ्या बागायतदाराला वरच्या चार ओळी ओझे वाटतील. ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा वाचून त्या आपल्या रीतीशी जुळवण्यातच त्याची शक्ती जाईल. जाणकारासाठी परिणाम असा उलटतो, हे कल्युगा, आयर्स, चँडलर आणि स्वेलर यांनी २००३ मध्ये मांडले. याची खूण सोपी आहे: विद्यार्थी पायऱ्या न पाहता बरोबर उत्तर लिहू लागला की त्याला सोडवलेली उदाहरणे देणे थांबवावे.

या क्षेत्रात वादही आहेत. मनातला भार बहुधा शिकणाऱ्यानेच दिलेल्या गुणांवरून मोजला जातो, आणि ते माप कच्चे आहे. मनु कपूर यांचे संशोधन सांगते की आधी झगडू दिले आणि मग शिकवले, तर काही संकल्पना अधिक खोल रुजतात. पण त्या मांडणीत झगडल्यानंतर शिकवणारा कोणीतरी हजर असतो. एकट्याने पुस्तिका वाचणाऱ्या नवशिक्यासाठी सोडवलेल्या उदाहरणाने सुरुवात करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

वाचकांना एक विनंती. पुढील प्रकरणे नुसती वाचू नका. आपल्या विषयातले एक उदाहरण घ्या, वरच्यासारखे मांडा आणि तो विषय अजिबात ठाऊक नसलेल्या माणसाला वाचायला द्या. तो कुठे मागे वळून पाहतो तेवढेच टिपा आणि उदाहरण तिथे दुरुस्त करा.