तळटीप : लग्न आणि तनुस्थान

१. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. तेच पत्रिकेतले पहिले, तनुस्थान. बांधा, चेहरा, प्रकृती आणि प्रथमदर्शनी पडणारी छाप ज्योतिषी इथून सांगतात. लग्नाचा एक अंश साधारण ४ मिनिटांत सरकतो. सांगली पूर्वेला असल्याने तिथली स्थानिक वेळ साताऱ्यापेक्षा सुमारे २ मिनिटे पुढे असते. म्हणून घड्याळात एकाच क्षणी जन्मलेल्या दोघांपैकी साताऱ्याच्या मुलाचे लग्न सिंहेच्या २९ अंश ५० कलांवर असेल, तर सांगलीच्या मुलाचे कन्येत गेलेले असते. मग एकाला रुंद छाती नि रुबाब, दुसऱ्याला सडपातळ बांधा नि संकोच! अशा संधीवर काही ज्योतिषी चेहरा पाहूनच जन्मवेळ दुरुस्त करतात. त्यानंतर तोच चेहरा लग्नाचा पुरावा म्हणून दाखवणे आम्हांला पटत नाही. — संपादक