एकाच बिलाचे दोन फोटो: सॉफ्टवेअर डुप्लिकेट कसं ओळखतं?

ऑफिसच्या खर्चाचं बिल मोबाईलवर फोटो काढून अपलोड करणं आता नेहमीचं झालंय. तेच बिल कुणी पुन्हा टाकलं, मुद्दाम किंवा चुकून, तर ते सॉफ्टवेअरला कळायला हवं. मी अशाच एका ॲपवर काम करतो. हे काम सोपं वाटलं होतं, पण आमच्या पहिल्या व्हर्जनने एका निर्दोष माणसाचे पैसे अडवले आणि खरं डुप्लिकेट सोडून दिलं. असं का झालं, तेच या लेखात पाहू.

फाइल सारखी आहे का, हे तपासून का भागत नाही?

पहिला विचार येतो तो साध्या हॅशचा. SHA-256 सारखा हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. पण हा ठसा फाइलमधल्या बाइट्सचा असतो, चित्राचा नाही. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की पुन्हा कॉम्प्रेस होतो, आणि ठसा पूर्ण बदलतो. बिलाचा फोटो दुसऱ्यांदा काढला तर विषयच संपला. म्हणून ही तपासणी फक्त हुबेहूब तीच फाइल पकडते.

डीहॅश: चित्राचा ठसा

मग आम्ही डीहॅश वापरला. यात फोटो कृष्णधवल करून फक्त ९ × ८ ठिपक्यांचा केला जातो. प्रत्येक ओळीत शेजारच्या दोन ठिपक्यांपैकी डावा जास्त उजळ की उजवा, एवढंच लिहून ठेवायचं. एका ओळीत ८ तुलना, ८ ओळी, म्हणजे ६४ बिट्स. दोन फोटोंचे किती बिट्स वेगळे आहेत ते मोजलं की झालं 'अंतर'. ० म्हणजे ठसा तोच. एकमेकांशी काहीच संबंध नसलेल्या फोटोंचं अंतर साधारण ३२ च्या आसपास जातं.

```python
from PIL import Image, ImageOps
import imagehash

def thasa(path):
    img = ImageOps.exif_transpose(Image.open(path))
    return imagehash.dhash(img)

print(thasa("bill1.jpg") - thasa("bill2.jpg"))
```

`exif_transpose` विसरू नका. फोन बऱ्याचदा फोटो आडवाच साठवतो आणि 'हा फिरवून दाखवा' अशी नोंद फाइलमध्ये ठेवतो. ती नोंद पाळली नाही तर एकच फोटो एकदा उभा आणि एकदा आडवा मोजला जातो.

प्रकाश बदलला तरी डीहॅश बऱ्यापैकी टिकतो, कारण पूर्ण फोटो अंधारला तरी डावा ठिपका उजव्यापेक्षा उजळ असेल तर तो तसाच राहतो. मात्र बिलावर अर्धवट हाताची सावली पडली की तिथले बिट्स उलटतात.

क्रॉप केलं की काय बिघडतं?

डीहॅशच्या ८ ओळी म्हणजे प्रत्येक ओळ फोटोच्या उंचीचा १२.५ टक्के भाग. कुणी बिलाचा वरचा १५ टक्के भाग, म्हणजे हॉटेलचं नाव, कापून टाकलं तर पहिल्या ओळीत आता दुसऱ्या ओळीतला मजकूर येतो आणि खालचं सगळंच सरकतं. माणसाला बिल तेच दिसतं, पण ठशाची जुळणी तुटते.

आमची चूक

आम्ही मर्यादा १० ठेवली होती. अंतर त्यापेक्षा कमी आलं तर बिल आपोआप थांबायचं. एक सर्व्हिस इंजिनिअर दादा रोज क्लायंटच्या गेटसमोरच्या एकाच हॉटेलात जेवायचे. थाळी १८० रुपये, ५ टक्के जीएसटी, एकूण १८९. मंगळवारचं आणि बुधवारचं बिल त्यांनी एकाच टेबलावर ठेवून, नीट चौकटीत बसवून टिपलं. अंतर आलं ३. सिस्टिमने शिक्का मारला: डुप्लिकेट.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एकाने एक बिल दोनदा टाकलं. पहिला फोटो ट्यूबलाइटखाली पूर्ण बिलाचा, दुसरा पिवळ्या दिव्याखाली, वरचा भाग कापलेला. अंतर आलं २३, आणि ते पास झालं.

अकाउंट्समधल्या ताईंनी दादांची दोन्ही बिलं समोर धरली आणि म्हणाल्या, "अरे, बिल नंबर तर बघ! एक २४१७, एक २४५६. माणूस रोज तीच थाळी खातो, यात चोरी कसली?"

त्यांचं बरोबर होतं. ९ × ८ ठिपक्यांत बिल नंबर उरतच नाही. उरतो तो फक्त बिलाचा साचा, आणि एकाच हॉटेलची सगळी बिलं एकाच साच्यातली असतात. मर्यादा १० वरून २५ केली असती तर दुसरं बिल सापडलं असतं, पण दादांसारखे आणखी कितीतरी जण अडकले असते. म्हणजे प्रश्न आकड्याचा नव्हता. आम्ही बिलाऐवजी फोटोची तुलना करत होतो.

मग खरी ओळख कुठली?

ती कायद्यानेच दिली आहे. जीएसटी नियमावलीतल्या नियम ४६ प्रमाणे प्रत्येक टॅक्स इन्व्हॉइसवर अनुक्रमांक लागतो. तो जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही. म्हणून विक्रेत्याचा जीएसटीआयएन, बिल नंबर आणि आर्थिक वर्ष ही तीन माहिती जुळली तर बिल एकच. फोटो कसाही काढलेला असो.

फोटोतला मजकूर वाचायला ओसीआर लागतं, आणि ते चुकतं. थर्मल कागद फिका पडला की 8 चा B होतो, 0 चा O होतो. इथे जीएसटीआयएनची रचना मदतीला येते. १५ अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा पॅनची, आणि शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं. एखादं अक्षर चुकीचं वाचलं गेलं तर हे गणित जुळत नाही आणि चूक लगेच कळते.

बिल नंबरला अशी सोय नसते. काही बिलांवर टोकन नंबर आणि टेबल नंबरही छापलेले असतात, आणि ओसीआर चुकून तेच उचलतं. म्हणून आम्ही तारीख आणि रक्कमही ताडून पाहतो. नंबर जुळला पण तारीख वेगळी निघाली, तर माणूस बघतो.

आता आमची पद्धत

डीहॅश आम्ही काढून टाकला नाही, फक्त त्याचा अधिकार काढला. अंतर कमी आलं तर तो 'ही जोडी बघा' एवढंच सांगतो. निर्णय मजकुरावर होतो: तीन गोष्टी जुळल्या तर डुप्लिकेट, बिल नंबर स्पष्टपणे वेगळा असेल तर पास. नंबर किंवा जीएसटीआयएन कापला गेला असेल तर ॲप अपलोड करतानाच पूर्ण बिलाचा फोटो मागतं. ट्यूबलाइटवाल्या जोडीतल्या दुसऱ्या फोटोत जीएसटीआयएन हॉटेलच्या नावासोबत कापला गेला होता, त्यामुळे तो आता पहिल्याच पायरीवर परत गेला असता.

ज्या बिलावर जीएसटीआयएनच नाही, उदाहरणार्थ हाताने लिहिलेली पावती, तिथे ही युक्ती चालत नाही. अशा संशयित जोड्या आम्ही अजूनही ताईंकडेच पाठवतो.

तुम्ही बिल अपलोड करत असाल, तर चारही कडा आणि बिल नंबर दिसेल असा फोटो काढा. रोज एकाच ठिकाणी जेवत असाल, तर उद्या तुमच्या बाजूने तोच नंबर बोलणार आहे.