फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी: परीक्षेच्या फॉर्मसाठी फाईल नेमकी कशी बसवायची?

फॉर्म पूर्ण भरून झालाय, आता फक्त फोटो आणि सही अपलोड करायची राहिली आहे. आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत मेसेज येतो की फाईलचा आकार चालत नाही. घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात ऑनलाईन सेंटरवर शेवटच्या तारखेला रांग लागते, आणि त्यातले बरेच जण याच पायरीवर अडकलेले असतात. खरं तर हे काम मोबाईलवर दहा मिनिटांत होतं. फक्त पिक्सेल आणि केबी या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे समजून घ्यावं लागतं.

नियम काय आहे?

उदाहरणासाठी आयबीपीएसचा फॉर्म घेऊ. बँकांच्या भरतीसाठी तो दरवर्षी हजारो मुलं भरतात, आणि २०२३ ची जिल्हा परिषद भरतीसुद्धा आयबीपीएसमार्फतच झाली होती. त्यांच्या सूचनेप्रमाणे फोटो २०० x २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी हवा. सही १४० x ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी हवी. दोन्ही फाईली जेपीजी प्रकारच्या लागतात. इतर परीक्षांचे आकडे वेगळे असू शकतात, पण पद्धत हीच.

पिक्सेल म्हणजे चित्राची लांबी-रुंदी. केबी म्हणजे ती फाईल किती जागा घेते. जेपीजी फाईल बनताना चित्रातले बारकावे काही प्रमाणात टाकून दिले जातात. किती टाकायचे ते 'क्वालिटी'च्या आकड्यावर ठरतं. म्हणून तेवढ्याच पिक्सेलचा फोटो १० केबीचाही होऊ शकतो आणि ४० केबीचाही. डीपीआयचा आकडा बदलून मात्र केबी कमी होत नाहीत, त्यात वेळ घालवू नका.

आधी क्रॉप, मग रिसाईझ

सर्वात जास्त फोटो इथे बिघडतात. समजा मोबाईलने काढलेला फोटो ३००० x ४००० पिक्सेलचा आहे. तो थेट २०० x २३० केला, तर चेहरा पसरट दिसतो. कारण त्या प्रमाणात २०० रुंदीला २६७ उंची यायला हवी होती, ती दाबून २३० केली. स्टुडिओतल्या पासपोर्ट फोटोचंही तसंच आहे. ३.५ x ४.५ सेंटिमीटरच्या फोटोला २०० रुंदीवर साधारण २५७ उंची येते.

उपाय सोपा आहे. रुंदीला १.१५ ने गुणलं की उंची मिळते. १८०० रुंदी असेल तर उंची २०७० हवी. मोबाईलच्या गॅलरीत फोटो उघडा आणि खालून छातीचा भाग कापत चौकट जवळजवळ चौरसाकडे आणा. डोक्यावर थोडी जागा राहू द्या.

आता ब्राउझरमध्ये `squoosh.app` उघडा. या साईटवर काम तुमच्याच मोबाईलमध्ये होतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही. सही आणि फोटो एकत्र कुठल्याही अनोळखी साईटवर चढवण्यापेक्षा हे बरं. फोटो निवडा, `Resize` चालू करा, `Maintain aspect ratio` वरची टिक तशीच ठेवा आणि रुंदी २०० टाका. उंची २३० च्या आसपास आली, म्हणजे २२८ किंवा २३२, तर टिक काढून २३० लिहा. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण २५० आली तर परत गॅलरीत जाऊन आणखी कापा.

केबी जास्त नाही, कमी पडतात!

खाली `MozJPEG` निवडा आणि `Quality` ची पट्टी सरकवा. फाईल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. २०० x २३० चा फोटो नेहमीच्या क्वालिटीवर बऱ्याचदा २० केबीच्या खाली जातो आणि फॉर्म तो नाकारतो. अशा वेळी पट्टी ९० च्या पुढे न्या. अगदी १९.८ किंवा ४९.९ वर थांबू नका, ३० च्या आसपास ठेवा. कारण काही ठिकाणी १ केबी म्हणजे १००० बाइट धरतात, काही ठिकाणी १०२४.

सहीच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे. १४० x ६० म्हणजे फक्त ८४०० पिक्सेल, आणि त्यातही बहुतेक पांढरा कागद. क्वालिटी १०० केली तरी फाईल कित्येकदा १० केबी होत नाही. इथे सूचनेतला एक शब्द कामाला येतो. आयबीपीएसच्या सूचनेत पिक्सेलचा आकडा 'preferred' म्हणजे शक्यतो असा दिलेला आहे, केबीची मर्यादा मात्र पक्की आहे. म्हणून प्रमाण तेच ठेवून आकार तिप्पट करा, म्हणजे ४२० x १८०. मग क्वालिटी कमी-जास्त करून १५ केबीच्या जवळ आणता येते. फोटोलाही गरज पडली तर ४०० x ४६० चालवून बघा. ज्या फॉर्मवर पिक्सेल सक्तीचे आहेत, तिथे मात्र आकार न बदलता फक्त क्वालिटी वाढवायची.

सही कागदावरच नीट घ्या

कोऱ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलने ७ x ३ सेंटिमीटरच्या चौकटीचे चार कोपरे हलके खुणवा. १४० x ६० चं प्रमाण हेच आहे. आत काळ्या शाईने सही करा. दिवसाच्या उजेडात, मोबाईलची सावली पडणार नाही असा, वरून सरळ फोटो काढा आणि खुणांच्या किंचित आतून क्रॉप करा. सावली राहिली तर लहान चित्रात कागद करडा दिसतो आणि सही त्यात हरवते.

कॅपिटल अक्षरांतली सही आयबीपीएस स्वीकारत नाही. परीक्षेच्या दिवशी हजेरीपटावर जी सही कराल ती अपलोड केलेल्या सहीशी जुळायला हवी, नाहीतर अपात्र ठरवलं जाऊ शकतं. म्हणून फॉर्मसाठी मुद्दाम वेगळी 'सुंदर' सही करू नका.

तरीही फाईल घेत नसेल तर

- फाईलच्या नावात `.png` खोडून `.jpg` लिहिल्याने फाईल जेपीजी होत नाही. स्क्रीनशॉट बहुधा पीएनजी असतो, आयफोनचा फोटो हेइक असू शकतो. आधी जेपीजीमध्ये सेव्ह करा.
- सेंटरवाल्याला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबतो.
- फाईल चुकली तर तीच पुन्हा दाबू नका. प्रत्येक वेळी सेव्ह करताना आणखी बारकावे जातात. मूळ फोटोपासून नव्याने सुरुवात करा.

शेवटी सबमिट करण्याआधी प्रीव्ह्यू नक्की बघा. फोटोच्या जागी फोटो, सहीच्या जागी सहीच आहे ना, चेहरा पसरट नाही ना आणि सही वाचता येते ना, हे तपासा. केबी बसले म्हणून सिस्टीम फाईल घेते, पण चेहरा किंवा सही अस्पष्ट असेल तर अर्ज नंतरही बाद होऊ शकतो. तयार झालेल्या दोन्ही फाईली आणि मूळ फोटो एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, पुढच्या फॉर्मला तेच उपयोगी पडतील.