बिल्ला आणि चेहरेपट्टी

देवळाबाहेर चपला सांभाळणारा माणूस आपल्या हातात पत्र्याचा एक बिल्ला देतो. त्यावर ४२ असा आकडा असतो. आपले नाव, गाव काही नसते. परत आल्यावर आपण बिल्ला दाखवतो आणि त्याच आकड्याच्या खणातून आपल्या चपला बाहेर येतात. आपण कोण हे त्याला ठाऊक नसते, पण मघा आला होता तो हाच, एवढे मात्र कळते. वेबसाइटवर नाव न सांगता, लॉगिन न करताही आपला माग कसा लागतो, याचा इतिहास अशाच एका बिल्ल्यापासून सुरू होतो.

१९९४ साली नेटस्केप ही कंपनी आपला पहिला ब्राउझर तयार करत होती. त्या वेळच्या वेबला स्मरणशक्ती नव्हती. ब्राउझरने पान मागितले, सर्व्हरने दिले, की संबंध संपला. पुढचे पान मागणारा तोच आहे की दुसरा कुणी, हे सर्व्हरला कळायला मार्ग नव्हता. वाचण्यापुरते हे चालत होते, पण दुकान कसे चालणार? एका पानावर पुस्तक टोपलीत टाकायचे आणि दुसऱ्या पानावर पैसे द्यायचे, तर मधल्या वेळात टोपली कुणाची हे कुणाला तरी लक्षात ठेवावे लागते. लू माँटुली या नेटस्केपमधील तरुण प्रोग्रॅमरने यावर उपाय काढला. सर्व्हरने पानासोबत एक छोटी खूण पाठवायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर जशीच्या तशी परत करायची. अशा खुणेला प्रोग्रॅमर मंडळी आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत असत, म्हणून ती कुकी झाली.

माँटुलींपुढे याहून सोपा एक मार्ग होता. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो सगळ्या साइटना दाखवायचा. तो त्यांनी जाणूनबुजून टाळला, कारण मग सगळ्या साइटना आपापल्या वह्या जुळवून एकाच माणसाचा दिनक्रम मांडता आला असता. म्हणून कुकीचा नियम असा ठरला, की ज्या साइटने ती दिली तिलाच ती परत जाईल. या देवळाचा बिल्ला त्या देवळाबाहेर दाखवलाच जाणार नाही. नियम चांगला होता. तो कुणी मोडलाही नाही; त्याला वळसा घातला गेला, आणि तो कसा हे समजून घेण्यासारखे आहे.

वेबचे एक पान एकाच सर्व्हरवरून येते असे नाही. मजकूर वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून आला, तरी त्यातले जाहिरातीचे चित्र तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून मागवलेले असू शकते. ते चित्र आणायला ब्राउझर स्वतः त्या तिसऱ्या सर्व्हरकडे जातो. समजा, आपण सकाळी एका वर्तमानपत्राचे क्रीडापान उघडले. जाहिरातीचे चित्र देताना जाहिरात कंपनीने आपल्याला 7f3a91 असा बिल्ला दिला. दुपारी आपण मधुमेहाची माहिती देणाऱ्या अगदी वेगळ्या साइटवर गेलो. तिथेही त्याच कंपनीचे चित्र होते. त्या काळच्या ब्राउझरने ते अशा शब्दांत मागितले असते:

```
GET /banner.gif HTTP/1.1
Host: ads.example
Referer: http://health.example/diabetes.html
Cookie: id=7f3a91
```

तिसरी ओळ सांगते, की चित्र कोणत्या पानासाठी हवे आहे. चौथी ओळ सकाळचा बिल्ला परत करते. नियम पाळला गेला, कारण बिल्ला ज्याने दिला त्यालाच मिळाला. पण देणारा आता शेकडो देवळांच्या दारात एकाच वेळी बसलेला होता. क्रीडापान वाचणारा आणि मधुमेहाविषयी वाचणारा माणूस एकच, हे त्याच्या वहीत नोंदले गेले. हीच ‘तृतीय पक्षाची’ कुकी. चित्र दिसायलाच हवे असेही नाही; एका बिंदूएवढे पारदर्शक चित्रही पुरते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने कुकीवर लेख छापला आणि सामान्य वाचकाला प्रथमच कळले, की आपल्या संगणकावर कुणी काही ठेवून जाते. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळींना धोका दिसला होताच. बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः माँटुली यांनी लिहिलेला कुकीचा प्रमाणनियम, RFC 2109, फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तृतीय पक्षाच्या कुकी ब्राउझरने स्वीकारू नयेत, निदान वापरणाऱ्याने मुद्दाम सुरू केल्याशिवाय स्वीकारू नयेत, असे त्यात होते. पण नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही ब्राउझरांनी हे कलम पाळले नाही. जाहिरातीचा धंदा तोपर्यंत या कुकींवर उभा राहिला होता.

निनावी बिल्ल्याला नाव चिकटायलाही फार वेळ लागला नाही. जाहिराती पुरवणाऱ्या डबलक्लिक या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये ॲबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. टपालाने माल मागवणाऱ्या कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदी ॲबॅकसकडे होती. दोन्ही वह्या जुळवण्याचा बेत उघड होताच ओरड झाली, सरकारी चौकशी सुरू झाली आणि मार्च २००० मध्ये कंपनीने बेत स्थगित केला. पण असे करता येते, हे सगळ्यांना कळून चुकले.

या कुकी नेटस्केपमध्ये बंद का केल्या नाहीत, याचे माँटुलींनी पुढे दिलेले कारण आम्हांला निव्वळ सबब वाटत नाही. त्यांचे म्हणणे असे, की कुकी निदान दिसते, पुसता येते, नाकारता येते. ती बंद केली तर जाहिरातदार दुसरी वाट शोधतील आणि तिच्यावर वापरणाऱ्याचा ताबा मुळीच राहणार नाही. ती दुसरी वाट खरोखर सापडली. (कुकी चालू ठेवूनही ती सापडलीच, हेही नोंदवायला हवे.)

चपला सांभाळणाऱ्याने बिल्ला देणेच सोडले आणि नुसते निरखून पाहायला सुरुवात केली, असे समजा. उंच, चष्मा, डाव्या गालावर तीळ, निळा सदरा. यातली एकही गोष्ट एकट्याने माणूस ओळखून देत नाही, पण सगळ्या मिळून देतात. ब्राउझरही पान नीट मांडता यावे म्हणून स्वतःबद्दल बरेच सांगत असतो: आवृत्ती, पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, पसंतीच्या भाषा. या वर्णनाला ब्राउझरचा ठसा म्हणतात. तो आपल्या संगणकावर ठेवलेला नसतो, त्यामुळे पुसायला काहीच नसते.

असे वर्णन किती अचूक असते, हे ‘बिट’मध्ये मोजता येते. ज्या माहितीने उमेदवार निम्मे होतात ती एक बिट. दोनचा ३३वा घात सुमारे ८५९ कोटी येतो, म्हणजे पृथ्वीवरील कोणताही माणूस वेगळा काढायला ३३ बिट पुरतात. २०१० साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेच्या पीटर एकर्स्ली यांनी, स्वेच्छेने तपासणीला आलेल्या ४,७०,१६१ ब्राउझरांचे ठसे मोजले. वेळेच्या पट्ट्यातून सुमारे ३ बिट मिळाले, तर संगणकावरील फाँटच्या यादीतून सुमारे १४. या माहितीतली काही पुनरुक्त असते म्हणून बेरीज सरळ होत नाही, पण एकूण ठसा निदान १८.१ बिटचा भरला, म्हणजे जवळपास २ लाख ८६ हजारांत एक. त्यांच्या नमुन्यातले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव ठरले.

२०१२ साली कॅलिफोर्नियातील मॉवरी आणि शाकम या संशोधकांनी आणखी एक खोच दाखवली. ब्राउझरला एक ओळ चित्र म्हणून काढायला सांगायची. अक्षरांच्या कडा किती गुळगुळीत करायच्या, हे ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि फाँट यांवर ठरते, त्यामुळे डोळ्यांना सारखीच दिसणारी ओळ बिंदूंच्या पातळीवर वेगळी निघते. शाळेत हे करून पाहता येईल. संगणकावरील ब्राउझरमध्ये F12 दाबून ‘Console’ उघडा आणि हे लिहा:

```
c = document.createElement('canvas');
g = c.getContext('2d');
g.font = '18px Arial';
g.fillText('शाळा 123', 5, 25);
c.toDataURL();
```

उत्तरादाखल येणारी अक्षरांची लांबलचक रांग हे त्या चित्राचेच रूप आहे. एरियलमध्ये देवनागरी नसल्याने संगणक आपल्याजवळचा फाँट घेतो, विंडोजवर बहुधा निर्मला, मॅकवर कोहिनूर. म्हणजे आपली लिपीच यंत्राची जात सांगून टाकते. एकाच वेळी खरेदी केलेल्या, अगदी सारख्या दोन संगणकांवर मात्र दोन्ही रांगा बहुधा जशाच्या तशा जुळतील. ठशाची मर्यादा ही अशी: शाळेच्या प्रयोगशाळेतले वीस संगणक त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. काही ब्राउझर या रांगेत मुद्दाम गोंधळ मिसळतात. तिथे पान पुन्हा उघडल्यावर उत्तर बदलू शकते.

दुसरी मर्यादा काळाची. ब्राउझर अद्ययावत झाला की ठसा थोडा बदलतो. मात्र एकर्स्लींनी अगदी साध्या रीतीने जुना आणि बदललेला ठसा जुळवून पाहिला, तेव्हा जिथे अंदाज बांधता आला तिथे तो १०० पैकी ९९ वेळा बरोबर निघाला. तिसरी मर्यादा नमुन्याची. २०१८ साली फ्रान्समधील एका मोठ्या साइटवर २० लाखांहून अधिक ठसे तपासले, तेव्हा फक्त ३३.६ टक्केच एकमेव होते. मोबाइल एकमेकांसारखे असतात, आणि फाँटची यादी फोडणारे फ्लॅशसारखे जोडभागही तोवर मागे पडले होते. म्हणून ठसा सहसा एकटा वापरत नाहीत. कुकी पुसली गेली की ती पुन्हा कुणाला द्यायची, एवढे ठरवायला तो पुरतो.

कुकीची बाजू पुढे काहीशी सावरली. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांच्या आणि सफारीने २०२० मध्ये सगळ्याच तृतीय पक्षांच्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली. क्रोमसाठी गूगलने जानेवारी २०२० मध्ये तेच जाहीर केले, पुन्हा पुन्हा लांबवले आणि अखेर एप्रिल २०२५ मध्ये त्या राहू द्यायचे ठरवले. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या जाहिरातदारांना ठशावर असलेली बंदीही त्याच कंपनीने सैल केली होती.

ठशावरचा उपाय लपण्याचा नाही, गर्दीत मिसळण्याचा आहे. टॉर ब्राउझर सगळ्यांची खिडकी ठरावीक मापांची दाखवतो, फाँट मोजकेच ठेवतो आणि वेळ सगळीकडे एकच सांगतो. भाषेचाही प्रश्न येतो. आपण ब्राउझरला मराठी पाने आधी मागायला सांगितले, तर प्रत्येक मागणीबरोबर अशी ओळ जाते:

```
Accept-Language: mr-IN,mr;q=0.9,en;q=0.8
```

इंग्रजीतच ब्राउझर वापरणाऱ्यांच्या गर्दीत ही ओळ विरळा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या साइटवर ती एकटीच कितीतरी बिट देऊन जाते. म्हणून इंग्रजी सोडून दुसरी भाषा निवडणाऱ्याला टॉर विचारतो, की ओळख लपवण्यासाठी पाने इंग्रजीतूनच मागवू का?